खातं लॉक झालं आणि चेहरा मागितला: सेल्फी व्हिडिओ, ओळखपत्र आणि त्या फोटोंचं पुढे काय होतं

फोन बदलला, जुन्या खात्यात लॉगिन करायला गेले आणि समोर पाटी आली: खातं तात्पुरतं बंद, पुढे जाण्यासाठी ओळख पटवा. खाली दोन बटणं होती, एक सेल्फी व्हिडिओचं आणि एक ओळखपत्र अपलोड करण्याचं. मी पहिलं दाबलं, कारण ते सोपं दिसलं. खातं परत मिळायला नऊ दिवस लागले. त्यातले निदान सहा दिवस माझ्याच अज्ञानापायी गेले. बटण दाबण्याआधी ज्या गोष्टी माहीत असायला हव्या होत्या, त्या इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात करण्याआधी हाताशी एवढं असू द्या:

- मुदत न संपलेलं, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र. मूळ कार्ड किंवा पुस्तिका हवी. झेरॉक्स किंवा आधी काढून ठेवलेला फोटो बहुधा चालत नाही.
- नाव बदललं असेल तर त्याचा दाखला, आणि जुन्या नावाचं एखादं ओळखपत्र. मुदत संपलेलं असलं तरी असू द्या.
- चांगला पुढचा कॅमेरा असलेला फोन, पुरेसं चार्जिंग, स्थिर इंटरनेट.
- खात्याला जोडलेला ईमेल किंवा फोन नंबर उघडता येणं. निकाल तिथेच येतो.

1. मागणी खरी आहे का, हे आधी बघा

ओळखपत्र आणि चेहऱ्याचा व्हिडिओ एकत्र हाती लागला तर चोराला दुसऱ्या ठिकाणी तुमच्या नावाने खातं उघडता येतं. म्हणून “खातं बंद होणार आहे, इथे ओळख पटवा” असा मेसेज आला की त्यातल्या लिंकला हात लावू नका. ॲप स्वतः उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा. खातं खरंच अडकलं असेल तर आत गेल्यावर तीच सूचना दिसेल. दिसली नाही, तर मेसेज खोटा.

गोंधळ पुढे होतो. खऱ्या ॲपमधूनसुद्धा तुम्ही दुसऱ्याच पत्त्यावर पोचू शकता, कारण बऱ्याच कंपन्या ही तपासणी स्वतः करत नाहीत. पर्सोना, व्हेरिफ, ज्युमिओ अशा तपासणी करून देणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत. त्यामुळे अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, पण पत्ता नीट वाचायचा. पत्त्यात `https://` नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे असतं तो खरा मालक. `withpersona.com/verify` हा त्या कंपनीचा पत्ता आहे. `withpersona.com.example.net/verify` हा मात्र `example.net` वाल्याचा आहे, पुढे लावलेलं नाव निव्वळ मुखवटा.

आणि कोणी “आमचा प्रतिनिधी व्हिडिओ कॉल करेल, ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरा” असं चॅटमधून सांगत असेल तर संभाषण तिथेच थांबवा. असे कॉल काही वित्तीय सेवांमध्ये खरे असतात, पण ते तुम्ही त्यांच्या ॲपमधून सुरू केलेले असतात.

2. तुमचा चेहरा कशाशी ताडून बघणार, हे ओळखा

माझी पहिली चूक इथे झाली, आणि बहुतेकांची इथेच होते.

सेल्फी व्हिडिओ घेतला की यंत्रणेकडे तुमचा आजचा चेहरा आला. पण एकट्या चेहऱ्यावरून काही सिद्ध होत नाही. तो कशाच्या तरी शेजारी ठेवून बघावा लागतो, आणि ते “काहीतरी” दोन प्रकारचं असतं. फक्त सेल्फी व्हिडिओ मागितला असेल तर तो सहसा त्या खात्यावर तुम्ही आधी टाकलेल्या फोटोंशी ताडतात. ओळखपत्र आणि सेल्फी दोन्ही मागितलं असेल तर सेल्फी ओळखपत्रावरच्या फोटोशी ताडतात, आणि ओळखपत्रावरचं नाव व जन्मतारीख खात्यातल्या माहितीशी.

मी तीनदा व्हिडिओ दिला आणि तिन्ही वेळा “ओळख पटली नाही” आलं. मी उजेड बदलला, चष्मा काढला, केस मागे बांधले. शेवटी भाच्याला फोन लावला.

“मावशी, तुझ्या त्या खात्यावर तुझा एक तरी फोटो आहे का?”

“आहेत की, शेकडो आहेत.”

“तुझे म्हणतोय मी. फुलांचे नाही.”

मग आठवलं. प्रोफाइलला जास्वंद, आत डोंगर, कुत्रा आणि पाठमोरी मी. ताडून बघायला समोर काहीच नव्हतं, आणि मी आपली चष्मा काढत बसले होते. अशा खात्याला सेल्फी व्हिडिओचा मार्ग बंदच असतो, हजारदा दिला तरी.

म्हणून आधी आठवा: खात्यावर तुमचा समोरून घेतलेला, एकट्याचा, ओळखू येईलसा फोटो आहे का? असेल तर सेल्फी व्हिडिओ हा सोपा मार्ग आहे, आणि त्यात ओळखपत्र द्यावंच लागत नाही. नसेल तर सरळ ओळखपत्राच्या बटणाकडे जा. प्रयत्न वाया घालवू नका, कारण काही ठिकाणी मोजकेच प्रयत्न मिळतात आणि ते संपले की काही दिवस दार बंद होतं.

3. नाव आणि जन्मतारीख कागदाशी जुळते का, ते तपासा

दुसरी चूक मी लगेच पुढच्या दिवशी केली. पासपोर्ट अपलोड केला, सेल्फी दिली, आणि काही मिनिटांतच नकार आला. पासपोर्ट खरा, चेहरा माझा, तरी नकार. कारण खातं लग्नाआधीच्या आडनावाने उघडलेलं होतं आणि पासपोर्ट नंतरच्या.

ही यंत्रणा “ही व्यक्ती म्हणजे या ओळखपत्रातली व्यक्ती” एवढंच सांगू शकते. “हे खातं या व्यक्तीचं आहे” हे ठरवण्यासाठी तिच्याकडे नाव आणि जन्मतारीख हे दोनच धागे असतात. टोपणनावाने उघडलेलं खातं, गंमत म्हणून टाकलेली खोटी जन्मतारीख, मधलं नाव कुठे आहे कुठे नाही, हे सगळं इथे आडवं येतं. आणि खातं लॉक असताना आतली माहिती दुरुस्तही करता येत नाही.

हा लेख वाचताना तुमचं खातं चालू असेल, तर आत्ताच जाऊन जन्मतारीख बघून या. वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत म्हणून 1 जानेवारी टाकणारे मला निदान चार लोक माहीत आहेत. तारीख लपवण्याची सोय जवळपास सगळीकडे असते, त्यासाठी ती खोटी टाकायची गरज नाही.

नाव जुळत नसेल तर आधी त्या कंपनीच्या मदत-पानावर कोणते कागद चालतात ते वाचा. काही कंपन्या सरकारी ओळखपत्राऐवजी दोन बिनसरकारी कागदही घेतात. ग्रंथालयाचं कार्ड, विद्यार्थी ओळखपत्र, नावावर आलेलं पत्र, असं काही. जुन्या नावाचे असे दोन कागद निघाले तर निम्मं काम झालं.

4. संमतीच्या पानावर थांबा आणि स्क्रीनशॉट घ्या

कॅमेरा सुरू होण्याआधी एक पान येतं, खाली “मान्य आहे” असं बटण. आपण ते न वाचता दाबतो. इथे फक्त तीन गोष्टी शोधा: तपासणी कोणती कंपनी करते, चेहऱ्याची मोजमापं काढणार का, आणि काय किती दिवसांनी काढून टाकणार. मग पानाचा स्क्रीनशॉट घ्या. शेवटच्या पायरीत तो लागणार आहे. नंतर हे पान पुन्हा बघायला मिळेलच असं नाही.

इथे एखादा जास्तीचा खूण-चौकोनही असू शकतो, “तुमची चित्रं आमची यंत्रणा सुधारण्यासाठी वापरू द्या” अशा अर्थाचा. तो तपासणीसाठी गरजेचा नसतो. खूण काढून टाका.

5. ओळखपत्राचा फोटो असा काढा

नकाराचं एक नेहमीचं कारण म्हणजे चकाकी. प्लास्टिकच्या आवरणावर दिव्याचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालचे आकडे जातात. तुम्हाला अंदाजाने वाचता येतं, यंत्राला अंदाज चालत नाही. का चालत नाही, हे पासपोर्टवरून छान समजतं.

पासपोर्टच्या फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 अक्षरांच्या, मध्ये पुष्कळ `<` खुणा. हा यंत्राने वाचायचा भाग. त्यात जन्मतारीख वर्ष, महिना, दिवस अशा सहा आकड्यांत असते आणि तिच्यामागे एक सातवा आकडा जोडलेला असतो. तो तपासणीचा आकडा. समजा जन्मतारीख 8 जुलै 1991 आहे. ती `910708` अशी लिहितात. प्रत्येक आकड्याला क्रमाने 7, 3, 1, पुन्हा 7, 3, 1 ने गुणून बेरीज करायची आणि दहाने भागून उरलेली बाकी घ्यायची:

```
9×7 + 1×3 + 0×1 + 7×7 + 0×3 + 8×1 = 123
123 ला 10 ने भागून बाकी = 3
```

म्हणून ओळीत `9107083` छापलेलं असतं. आता शेवटच्या 8 वर दिव्याची चकाकी पडली आणि यंत्राने तो 3 वाचला, तर बेरीज होते 118, बाकी 8. छापलेला आकडा मात्र 3. जुळलं नाही की यंत्रणा “कागद वाचता आला नाही” म्हणते. पासपोर्ट नंबर आणि मुदतीची तारीख यांनाही असेच आकडे असतात. हौस असेल तर स्वतःच्या पासपोर्टवर करून बघा, अर्धं मिनिट लागतं. घाईत बनवलेल्या नकली कागदात एखादी तारीख बदललेली असते आणि हा आकडा तसाच राहून जातो, मग तो इथेच पकडला जातो.

तेव्हा फोटो काढताना फ्लॅश बंद. कागद गडद, चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर ठेवा आणि खिडकीच्या बाजूच्या उजेडात घ्या, डोक्यावरच्या दिव्याखाली नको. चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत. बोटाने कडा झाकली जाते, म्हणून कार्ड हातात धरू नका. प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा, हे सांगायला लागू नये, पण मी स्वतः आधी पाकिटासकटच काढला होता.

पासपोर्टमध्ये चिप असेल आणि ॲप ती वाचू शकत असेल तर तो पर्याय निवडा. मुखपृष्ठावर मधोमध वर्तुळ असलेली छोटी आयताकृती खूण म्हणजे आत चिप आहे. फोन पासपोर्टला टेकवून काही सेकंद स्थिर धरायचा. चिपमधल्या फोटोवर आणि माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते, त्यामुळे तिथे चकाकीचा आणि खाडाखोडीचा प्रश्नच उरत नाही.

एक सापळा आहे. ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर आडवं “फक्त अमुक कामासाठी” लिहावं, असा चांगला सल्ला आपण ऐकलेला असतो. ईमेलने प्रत पाठवताना तो पाळा. पण आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत तसं लिहिलेला फोटो छेडछाड केलेला ठरतो आणि परत येतो. नंबर झाकायची मुभा आहे की नाही, हेही सूचनेत शोधा. तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच झाका.

6. सेल्फी व्हिडिओ देताना

“मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, जवळ या” असं का सांगतात? समोर खरा माणूस आहे की त्याचा फोटो, हे ओळखायला. खरा चेहरा वळला की नाक पुढे सरकतं, एक कान दिसेनासा होतो, दुसरा पुढे येतो. कागदावरचा चेहरा वळवला तर अख्खा एकदम तिरका होतो. काही ॲप स्क्रीनवर लाल, निळे, हिरवे रंग चमकवतात आणि ते त्वचेवर कसे परावर्तित होतात ते बघतात. दुसऱ्या फोनच्या स्क्रीनवरचा व्हिडिओ समोर धरला तर हे परावर्तन वेगळं येतं, शिवाय स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळीही दिसते. काही ॲप मात्र काहीच करायला सांगत नाहीत, नुसतं बघत राहायला सांगतात आणि हेच सगळं गुपचूप तपासतात.

हे कळलं की काय टाळायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा पडतो. रंग चमकवणारं ॲप असेल तर भर उन्हात बसू नका, स्क्रीनचा रंग चेहऱ्यावर पडतच नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा. आणि फोनच्या कॅमेऱ्यातलं त्वचा गुळगुळीत करणारं ब्युटी फिल्टर बंद करा. काही फोनमध्ये ते आपोआप चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. लॅपटॉपवरून करत असाल तर कॅमेऱ्याच्या यादीत `OBS Virtual Camera` असलं काही निवडलेलं नाही ना, ते बघा. खोटा व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जागी घुसवण्यासाठी अशी सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून ती दिसली की बऱ्याच यंत्रणा सरळ नकार देतात.

माणूस खरा ठरला की मग चेहऱ्यांची तुलना. सॉफ्टवेअर चेहरा शोधतं, डोळे एका आडव्या रेषेत येतील असा तो सरळ करतं आणि त्याची आकड्यांची एक माळ बनवतं. 2015 साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या फेसनेट या पद्धतीत ही माळ 128 आकड्यांची होती. ओळखपत्रावरच्या फोटोचीही अशीच माळ बनते. दोन माळांमधलं अंतर ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर चेहरा एकच, बाहेर असेल तर नाही. उत्तर हो-नाही असं दिसलं तरी आत नेहमी एक गुण असतो, आणि मर्यादा कुठे ठेवायची ते कंपनी ठरवते. गुण सीमेवर आला तर प्रकरण माणसाकडे जातं. काही मिनिटांत निकाल आला तर बहुधा यंत्राचा, एक-दोन दिवस लागले तर बहुधा कोणीतरी बसून तुमचे फोटो बघितले.

नऊ-दहा वर्षांपूर्वीचा फोटो, तेव्हा नसलेली दाढी, जाड काचांचा चष्मा यांनी अंतर वाढतं. दुसरं ओळखपत्र असेल तर ज्याच्यावरचा फोटो अलीकडचा आहे ते द्या. जुळ्या भावंडांना यंत्र एकच समजू शकतं, आणि त्यावर तुमच्या बाजूने काही उपाय नाही.

7. नकार आला तर

लगेच पुन्हा प्रयत्न करू नका. नकाराचं कारण वाचा, ते मोघम असलं तरी त्यावरून अंदाज येतो. “कागद वाचता आला नाही” म्हणजे चकाकी किंवा कापलेले कोपरे, फोटो पुन्हा काढा. “चेहरा जुळला नाही” म्हणजे वरच्या दोन पायऱ्या पुन्हा बघा. “माहिती जुळत नाही” म्हणजे नाव किंवा तारीख, इथे नवा फोटो काढून उपयोग शून्य.

माझं कारण तिसरं होतं, म्हणून मी अपील केलं. मदत-केंद्राच्या फॉर्ममधून जुन्या नावाचं मुदत संपलेलं ओळखपत्र, नाव बदलल्याचा दाखला आणि पासपोर्टची प्रत पाठवली. चार ओळींत लिहिलं की खातं कोणत्या नावाने आहे, कागद कोणत्या नावाचा आहे, आणि दोन्हींना जोडणारा दाखला कोणता. तिसऱ्या दिवशी खातं उघडलं.

पण या अपिलातून एक गोष्ट घडली जी मला तेव्हा लक्षात आली नाही. माझे कागद आता दुसऱ्याच वाटेने, दुसऱ्याच ठिकाणी जाऊन बसले होते.

8. फोटो कुठे जातात, ते समजून घ्या

मूळ वाट अशी: फोनवरून फोटो आणि व्हिडिओ सांकेतिक रूपात तपासणी कंपनीकडे जातात. तिथे तीन वेगळ्या गोष्टी तयार होतात. एक, मूळ फोटो आणि व्हिडिओ. दोन, चेहऱ्याच्या आकड्यांची माळ, म्हणजेच त्याची मोजमापं. तीन, निकाल आणि ओळखपत्रावरून वाचलेला मजकूर, म्हणजे नाव, जन्मतारीख, कागदाचा नंबर, तपासणी कधी झाली. या तिघांचं आयुष्य सारखं नसतं. माळ पुष्कळदा तुलना झाल्यावर लगेच काढून टाकतात. फोटो काही दिवस ते काही वर्षं राहू शकतात. निकाल सगळ्यात जास्त टिकतो, वित्तीय सेवांमध्ये तर कायद्यानेच तो वर्षानुवर्षं ठेवावा लागतो. म्हणून “आम्ही तुमचा बायोमेट्रिक डेटा लगेच काढून टाकतो” या वाक्याचा अर्थ फोटोही काढून टाकतो असा होईलच असं नाही. ते कदाचित फक्त माळेबद्दल बोलत असतात.

आता दुसरी वाट, अपिलाची. ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केलं की सुमारे 70,000 वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असण्याची शक्यता आहे. ती चोरी ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून झाली होती, आणि ते फोटो वयाच्या तपासणीवर अपील करणाऱ्यांनी दिलेले होते. म्हणजे नेहमीच्या तपासणीतले फोटो वेळेवर काढून टाकले जात असले, तरी अपिलासाठी दिलेली प्रत मदत-केंद्राच्या तक्रारीला चिकटून मागे राहू शकते.

जुन्या साठ्याचंही तसंच. जुलै 2025 मध्ये टी नावाच्या ॲपमधून सुमारे 72,000 चित्रं बाहेर पडली. त्यातली साधारण 13,000 खातं पडताळण्यासाठी दिलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रांची होती. ती फेब्रुवारी 2024 पूर्वी नाव नोंदवलेल्या लोकांची होती आणि जुन्या साठवणीत पडून राहिली होती.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहऱ्याचं तसं नाही, आणि कायदेही म्हणून त्याला वेगळं धरतात. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात ओळख पटवण्यासाठी वापरलेला बायोमेट्रिक डेटा विशेष वर्गात मोडतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 2008 पासून असा डेटा घेण्याआधी लेखी संमती लागते, आणि काम संपल्यावर, किंवा शेवटच्या संपर्कानंतर फार तर तीन वर्षांत, तो नष्ट करावा लागतो.

एक प्रत मात्र सगळे विसरतात, ती तुमच्याच फोनमध्ये असते. ओळखपत्राचा फोटो गॅलरीतून अपलोड केला असेल तर तो गॅलरीत आहे, तिथून क्लाउड बॅकअपला गेला आहे, आणि पुसल्यावरही काही आठवडे कचरापेटीत राहतो. शिवाय लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला तेही लिहिलेलं असतं. ॲपच्या कॅमेऱ्यातून थेट फोटो काढणं म्हणूनच बरं. गॅलरीतून दिलाच असेल तर काम झाल्यावर तिन्ही ठिकाणांहून पुसा.

9. काढून टाकायला सांगा, आणि तिन्ही गोष्टींचं नाव घेऊन सांगा

खातं परत मिळाल्यावर आधी सेटिंगमध्ये ओळख-पडताळणीचा विभाग शोधा. काही ठिकाणी ओळखपत्र किती दिवस ठेवायचं याची निवड तिथेच असते, आणि ती मुकाट्याने जास्त मुदतीवर ठेवलेली असते. मग गोपनीयता धोरणात दिलेल्या पत्त्यावर लिहा. मी लिहिलं ते जवळपास असं:

> अमुक तारखेला मी माझी ओळख पटवली. कृपया (1) ओळखपत्राचे फोटो व सेल्फी व्हिडिओ, (2) त्यांवरून काढलेली चेहऱ्याची मोजमापं, आणि (3) मदत-केंद्राच्या तक्रारीला जोडलेले कागद काढून टाकावेत. तपासणी करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडच्या प्रतीही यात धराव्यात. यातलं काही ठेवणं बंधनकारक असेल तर काय, का आणि किती काळ ते कळवावं.

सोबत चौथ्या पायरीतला स्क्रीनशॉट जोडा. जीडीपीआर लागू असेल तर कंपनीला साधारणपणे एका महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं, गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर मुदत आणखी दोन महिने वाढवता येते. पण तसं त्यांनी पहिल्या महिन्यातच कळवायला हवं. इतर ठिकाणीही विचारायला हरकत नाही, बऱ्याच कंपन्या सगळ्यांना एकच उत्तरपद्धत वापरतात.

मला अकराव्या दिवशी उत्तर आलं: फोटो, व्हिडिओ आणि मोजमापं काढून टाकली, पडताळणी झाल्याची नोंद ठेवली. तिसऱ्या मुद्द्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मी त्याच ईमेलला उत्तर देऊन तक्रार क्रमांक लिहिला आणि त्याला जोडलेल्या तीन फायलींची नावं एकेक करून दिली. त्यानंतर आठवड्याने दुसऱ्या विभागातून दोन ओळी आल्या, तीनही फायली काढून टाकल्या म्हणून. मग मी प्रोफाइलवरची जास्वंद काढली आणि माझा समोरून घेतलेला फोटो लावला.